बिलातलं पटलेलं भरलं, बाकीचं त्याच मेलमध्ये अडवलं : माझा अनुभव

आमचं दूध-पनीरचं छोटं दुकान आहे, मागे एक कोल्ड रूम आहे. ऐन उन्हाळ्यात तिचा कॉम्प्रेसर गेला आणि रिपेरिंगवाल्याने तो बदलून दिला, काम चांगलं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिल आलं ते 1,06,200 चं. कॉम्प्रेसर 60,000, गॅस चार्जिंग 12,000, लेबर 8,000, दोन व्हिजिट 5,000 प्रमाणे 10,000, वर 18 टक्के जीएसटी. कोटेशनमध्ये मात्र कॉम्प्रेसरच्या ओळीतच 'गॅससह' असं लिहिलेलं होतं, आणि पहिल्या व्हिजिटला टेक्निशियन पार्ट न घेताच आला होता, जॉब शीटवर त्याच्याच हाताने 'पार्ट नाही, परत येणार' असं लिहिलेलं आहे.

आता अशा वेळी बरेच जण सगळंच बिल अडवून बसतात. मला ते पटत नाही, माणसाने काम केलंय, त्याचे पैसे का अडवायचे? आणि त्याच्या बिलावर उद्यम नंबर होता, म्हणजे तो सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदलेला. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार असला तरी 45 च्या पुढे नाही, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हरकत असेल तर तीही लेखी आणि काम झाल्यापासून 15 दिवसांत हवी. फोनवर दहा वेळा बोललेलं तिथे कामाला येत नाही, म्हणून मेल.

आधी आकडे सोडवले. अडवायचं ते गॅसचे 12,000 आणि एका व्हिजिटचे 5,000, म्हणजे 17,000, पण त्यावरचा जीएसटी 3,060 पण त्याच्याबरोबरच जातो, तो लोक विसरतात आणि मग दोन्हीकडचे हिशोब जुळत नाहीत. वाद 20,060 चा. उरले 86,140, त्यावर काही म्हणणं नाही. टीडीएस आमच्या उलाढालीला लागू नाही म्हणून ते पूर्ण पाठवले.

मेलच्या आधी पैसे पाठवले, एनईएफटीने, रिमार्कमध्ये बिल नंबर टाकून. हे महत्त्वाचंय कारण त्याचं आमच्याकडे एक जुनं बिलही येणं होतं, आणि काही न सांगता पैसे गेले की समोरचा अकाउंटंट ते जुन्या बिलात जमा धरतो. कुठल्या बिलापोटी देतोय ते देणाऱ्याने स्पष्ट सांगितलं आणि घेणाऱ्याने पैसे ठेवून घेतले तर ते तिथेच धरावे लागतात, करार कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. मग त्यांनी बिल पाठवलेल्या मेललाच रिप्लाय केला, नवीन मेल नाही, म्हणजे बिल खाली जोडलेलंच राहतं :

"आपल्या या बिलापैकी कॉम्प्रेसर, लेबर आणि एक व्हिजिट यावर आमची हरकत नाही. त्याचे जीएसटीसह 86,140 रुपये आज पाठवले आहेत, यूटीआर नंबर खाली दिला आहे. ही रक्कम फक्त याच बिलाच्या या तीन बाबींपोटी आहे. गॅस चार्जिंग 12,000 आणि दुसरी व्हिजिट 5,000, जीएसटीसह 20,060 रुपये, आम्हाला मान्य नाहीत. कारणं : कोटेशनमध्ये कॉम्प्रेसर गॅससह आहे, आणि पहिल्या व्हिजिटला पार्ट आणला नव्हता. कोटेशन आणि जॉब शीटचा फोटो जोडला आहे. कृपया तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट द्यावी, किंवा आकारणी बरोबर वाटत असेल तर त्याचा आधार लेखी कळवावा."

'पार्ट पेमेंट' हा शब्द मी मुद्दाम टाळला, 'बाकी नंतर देतो' पण नाही, कारण तसं लिहिलं की उरलेलं देणं आहे हे आपणच लिहून दिल्यासारखं होतं. उलट 'हिशोब पूर्ण' असंही नाही लिहिलं, तसं वाचलं की समोरचा पैसेच परत पाठवतो आणि भांडण सगळ्या बिलाचं होऊन बसतं. पूर्वी काय काय झालं, कोण कसं बोललं, ते पण नाही. दोन बाबी, दोन कारणं, दोन कागद, बस.

दुसऱ्याच दिवशी मालकाचा फोन आला, आवाज चढलेला होता, पण 86,140 खात्यात आलेले बघून लगेच खाली आला. फोनवर मी काही कबूल केलं नाही, म्हटलं दादा मेलवरच लिहा. गॅसचं त्यांनी मान्य केलं. व्हिजिटचं म्हणणं असं की गाडी, माणूस, दिवस गेला, निम्मे तरी द्या. तेही खरंच होतं, मी 2,500 अधिक जीएसटी असे 2,950 मान्य केले, तेही त्याच मेलच्या साखळीत लिहून, आणि त्यांनी 17,110 ची क्रेडिट नोट काढली. जीएसटीच्या पोर्टलवर ती दिसेपर्यंत वाट बघितली, कारण नुसतं 'सोडून दिलं' म्हणाले असते तर त्यांच्या रिटर्नमध्ये बिल पूर्णच राहिलं असतं, आणि पैसे न दिलेल्या भागावरच्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट 180 दिवसांनी आम्हालाच व्याजासकट परत करावं लागलं असतं. 2,950 भरले, आणि त्यांच्याकडून लेजर मागवून घेतलं, त्यात या बिलापुढे शून्य बाकी आहे.