तुम्ही विचारलंत म्हणून: मसाला डोशाचा हिशेब

"मसाला डोसा, सांबार, चटणी असं सगळं धरून एका प्लेटला कॅलरी किती? कुठे अडीचशे लिहितात, कुठे सहाशे."

घरचा, मोजक्या तेलातला असेल तर साधारण ४६५. माझ्या स्वयंपाकाच्या मापानं हिशेब मांडते, म्हणजे तुमच्या मापानं तुम्हाला बदलता येईल.

मी ६०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम उडीद डाळ भिजत घालते. त्याचे वीस डोसे होतात, म्हणजे एका डोशात ४० ग्रॅम कोरडं धान्य. दोन्हींच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, तेव्हा डोशाच्या झाल्या १४०. चूक होते ती इथेच. डोशाला लागणारं पीठ भरतं १०० ग्रॅम, पण त्यात बरंचसं पाणी असतं. त्या वजनाला कोरड्या तांदळाचा आकडा लावला, तर उत्तर अडीचपट फुगतं.

भाजीसाठी अर्धा किलो बटाटे, दोन कांदे, फोडणीला दोन मोठे चमचे तेल आणि थोडी डाळ. सगळ्याच्या मिळून सातशेच्या आसपास, त्यात सहा डोसे भरतात. एकाच्या वाट्याला १२०. सांबाराला १०० ग्रॅम तूरडाळ, भाज्या, चमचाभर तेल, चिंच-गूळ. सहा वाट्या होतात, वाटीला ९५.

आता तेल. तव्यावर आपण चमचाभरच सोडतो, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. एकदा तेलाची बाटली काट्यावर ठेवली, सहा डोसे काढले आणि पुन्हा ठेवली. ५४ ग्रॅम कमी! म्हणजे डोशाला ९ ग्रॅम, ८० कॅलरी. बाटलीची धार हातानं अंदाजता येत नाही. तेव्हापासून लहान चमच्यानंच सोडते; त्या एका चमच्याच्या ४० होतात, आणि वरच्या ४६५ मध्ये मी त्याच धरल्या आहेत. भाजी, सांबार, चटणी या तिन्हींच्या फोडणीतलं तेल वेगळं. ते त्या-त्या पदार्थात आलेलंच आहे.

राहिली चटणी. दिसायला पांढरी, हलकी, म्हणून तिच्याकडे कुणी पाहतच नाही. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यातच साडेतीनशे कॅलरी असतात. त्यात डाळं आणि फोडणी आली की वाटणाच्या पाचशेवर जातात. त्यातले दोन मोठे चमचे घेतले तर ७०. चटणी पातळ केली तर चमच्याला कमी, घट्ट ठेवली तर जास्त.

हॉटेलात डोसा मोठा असतो. तिथे दीडपट पीठ धरा, ७० वाढल्या. वर मोठा चमचा लोणी आलं तर १०० आणखी. चटणी पुन्हा मागितली की आणखी ७०. प्लेट सातशेच्या घरात जाते. सांबाराची दुसरी वाटी घेतलीत तर ९५ वाढतील, पण त्यात निदान डाळ आणि भाज्या तरी पोटात जातात. म्हणून मी दुसऱ्यांदा सांबार घेते, चटणी नाही.