तुम्ही विचारलंत म्हणून : त्याच जागी परत येणारी गाठ

"डॉक्टर, काखेतलं गळू दोनदा कापून घेतलं, तरी परत तिथंच येतं. माझं रक्त खराब झालंय का?"

तुमचे रक्त खराब झालेले नाही. कापूनही त्याच जागी परत येणारे हे दुखणे बहुतेक वेळा साधे गळूच नसते.

साध्या गळवाचा प्रवास ठरलेला असतो. केसाच्या मुळाशी जंतू शिरतो, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा. जागा लाल होते, ठणकते, काही दिवसांत मधोमध पिवळे तोंड धरते, फुटते आणि दोन-तीन आठवड्यांत भरून येते. ते मानेवर, पाठीवर, मांडीवर, कुठेही होऊ शकते. काखेत झाले तर घरची मोठी माणसे त्याला काखमांजरी म्हणतात. ते पुन्हा झालेच तर बहुधा दुसऱ्या जागी होते आणि पुष्कळदा घरातल्या आणखी एखाद्यालाही होते, कारण हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

मी ज्या आजाराबद्दल लिहीत आहे त्याचे नाव हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा, आणि दवाखान्यात आम्ही त्याला एचएस म्हणतो. यात सुरुवात जंतूपासून होत नाही. काख, जांघ, स्तनांखालची घडी, नितंब अशा जिथे कातडी कातडीला घासते त्या जागी केसाच्या मुळाची नळी आतून बंद होते, फुगते आणि त्वचेच्या खोल थरात फुटते. तिच्यातला ऐवज आत सांडला की शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते आणि खोल, कडक, वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ होते. तिला बाहेरून तोंड नसते, आणि हात खाली टेकवणेही नकोसे होईल इतकी ती दुखते. पुढे अशा शेजारशेजारच्या गाठी त्वचेखाली बोगद्यांनी जोडल्या जातात. बोगद्याच्या आतून त्वचेसारखेच अस्तर तयार होते, म्हणून तो आपोआप बुजत नाही. 1854 साली व्हर्नेय या फ्रेंच शल्यविशारदांनी या आजाराचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला होता आणि ती समजूत फार काळ टिकली. घाम आणि अस्वच्छता यांना अजूनही दोष दिला जातो त्यामागे ही समजूत असावी. खरे तर हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि तो स्पर्शाने किंवा शरीरसंबंधाने दुसऱ्याला लागत नाही. जांघेत गाठी असलेल्या विवाहित स्त्रियांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांच्या मनात ती शंका असते आणि त्या ती बोलून दाखवत नाहीत.

एक उदाहरण सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. डोंबिवलीहून लोअर परळला नोकरीसाठी येणारी सव्वीस वर्षांची मुलगी. पहिली गाठ कॉलेजात असताना, उजव्या काखेत आली. पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या कितीतरी फेऱ्या झाल्या होत्या आणि दोन वेळा चीर देऊन पू काढला होता. तिच्या फाइलमधल्या पुवाच्या कल्चरच्या दोन्ही अहवालांत रोग करणारा जंतू वाढलेला नव्हता. या निष्कर्षाकडे कुणी थांबून पाहायला हवे होते, कारण साध्या गळवात जंतू सहसा सापडतो.

तपासताना काखेत दोरीसारखा उंच व्रण दिसला आणि त्याच्या दोन टोकांना दोन बारीक छिद्रे. एका छिद्राजवळ दाबले की पू दुसऱ्यातून येत होता, म्हणजे मधे बोगदा होता. मग मी जांघेबद्दल विचारले. तिथेही गाठी येत होत्या, पण आधी कुणी विचारले नव्हते आणि तिने संकोचाने सांगितले नव्हते. तिथे एकाच जागी जोडीने असलेली काळी टोकेही दिसली, जी या आजाराची खूण आहे. एचएसचे निदान तीन गोष्टींवर होते: गाठी, बोगदे किंवा व्रण अशी विशिष्ट रूपे, विशिष्ट जागा, आणि सहा महिन्यांत निदान दोनदा त्रास होणे. तिच्यात तिन्ही होत्या. रक्ताची अशी एकही तपासणी नाही जी हा आजार ठरवून देईल.

तरी मुंबईत आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही, ती म्हणजे टीबी. काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीकाग्रंथींचा टीबीही त्वचेतून फुटतो आणि वाहत राहतो. त्यामुळे तिच्या छातीचा एक्स-रे काढला, पुवाची टीबीसाठी तपासणी केली आणि कडेचा छोटा तुकडा बायॉप्सीला पाठवला. गोंधळ दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन हेच औषध क्लिंडामायसिनच्या जोडीने एचएसमध्येही दिले जाते, म्हणून एचएसच्या रुग्णाला चुकून टीबीची औषधे दिली तर काही काळ बरे वाटून चुकीचे निदान पक्के होऊ शकते. उलट, लपलेला टीबी असताना एचएस समजून ही जोडी दिली, तर टीबीचे जंतू रिफाम्पिसिनला दाद न देणारे होण्याचा धोका असतो. तिच्या तपासण्यांत टीबी आढळला नाही.

चीर देऊन का भागत नाही, हे आता लक्षात येईल. पू निघतो, ताण उतरतो, त्या रात्री झोप लागते. पण बंद पडलेली नळी आणि अस्तर धरलेला बोगदा जागच्या जागी राहतो. गच्चीतून पाणी झिरपत असताना भिंतीला पुन्हा रंग देण्यासारखेच ते आहे. गाठ पुवाने तट्ट फुगून असह्य झाली असेल तर चीर द्यावीच लागते, मात्र तिला उपचार समजू नये.

तिला डॉक्सीसायक्लिन दिवसातून दोनदा, तीन महिने दिले. हे औषध गरोदरपणात चालत नाही, म्हणून ते आधी विचारून घेतले. इथे अँटिबायोटिकचा मुख्य उपयोग दाह शमवण्यासाठी असतो, म्हणून मुदत लांब असते. वरून लावायला क्लिंडामायसिन दिले, आणि मधेच एक नवी गाठ उसळली तेव्हा तिच्यात थेट स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. काखेतल्या बोगद्यासाठी जागा बधिर करून त्याचे छत उघडले आणि तळ तसाच ठेवला. ती जखम टाके न घालता काही आठवड्यांत तळातून भरत आली. वॅक्सिंग आणि घट्ट कपडे थांबवले. वजन थोडे कमी करायला सांगितले, कारण जादा वजन आणि धूम्रपान यांचा या आजाराशी स्पष्ट संबंध आहे, जरी सडपातळ आणि कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही तो होतो. काखेतला तो बोगदा पुन्हा झाला नाही. जांघेत अधूनमधून गाठ येते, पण ती लहान असते आणि लवकर बसते. हा आजार मुळासकट जाईल असे वचन मी कुणालाच देत नाही.

एवढ्याने आटोक्यात न येणाऱ्यांसाठी प्रतिकारशक्तीचा हा जोर कमी करणाऱ्या अडालिमुमॅब या औषधाची इंजेक्शने आहेत. भारतात त्याची देशी बनावटीची रूपे मिळतात, तरी खर्च बराच येतो, आणि सुरू करण्यापूर्वी लपलेल्या टीबीची तपासणी अनिवार्य असते.

ताप भरून लाली झपाट्याने पसरू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काखेतली गाठ मुळीच दुखत नसेल आणि हळूहळू वाढत असेल, तर तिची चौकशी वेगळी असते आणि तीही लांबवू नये. बाकीच्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे येताना जुने कल्चरचे कागद आणावेत, गाठ उठलेली असताना मोबाइलवर काढलेले तारखेसह फोटो आणावेत, कारण भेटीच्या दिवशी ती नेमकी बसलेली असते, आणि जांघेत किंवा स्तनांखाली काही असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगावे.