पुरी रांगेत ठेवायची नाही

“काका, वाढपी पोरं तर नेहमीचीच. मग दर लग्नाआधी अर्धा तास त्यांना उभं करून सांगता तरी काय?”

नेहमीची नसतात हो. तिसातली दहा-बारा त्याच सकाळी ठेकेदाराने पाठवलेली असतात. आणि मी भाषण देत नाही. मुहूर्ताच्या तासभर आधी प्रत्येकाच्या हातात रिकामं ताट देतो आणि पाहुण्यासारखं रांगेतून चालायला लावतो. कुठे थांबावं लागतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

आधी मीही तुमच्यासारखाच म्हणायचो, भांडी मांडली की माणसं आपली घेतात. मग साताऱ्याकडचं ते ७०० पानांचं लग्न झालं. मुहूर्त लांबला होता, मी भट्टीपाशी अडकलेलो, पोरांना फक्त “लागा कामाला” म्हणालो. कुणीतरी पुरीची कढई रांगेच्या तोंडाशीच मांडली. दिसायला झकास! एका घाण्यात बारा पुऱ्या, घाण्याला मिनिट. माणूस तीन घेतो. म्हणजे मिनिटाला चार माणसं, सगळ्यांना मिळून जवळजवळ तीन तास. अक्षता पडल्या आणि पंधरा मिनिटांत सगळा मांडव जेवायला आला. पुढे भाजी, मसालेभात, मठ्ठा तसाच पडून, मागे रांग थेट आहेराच्या रांगेत घुसलेली. पोरं जोरात तळायला लागली, तेल थंड पडलं, पुऱ्या तेल प्यायल्या. मुलीचे वडील रांगेजवळ हात जोडून उभे होते, “दोन मिनिटं, दोन मिनिटं” म्हणत. व्याही त्यांच्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले. ते हात अजून डोळ्यांपुढे येतात.

चूक पोराची म्हणून मी तेव्हा ओरडलो होतो. पण त्याला सांगितलं कुणी होतं?

आता रांगेत फक्त पटकन उचलता येईल ते. पुरी परातीतून, ताट भरलेल्या माणसाकडे आपण न्यायची. ताटं दोन्ही टोकांना, म्हणजे दोन रांगा सुटतात. पाणी दूर, बाहेर पडायच्या वाटेवर. भांडं तळाला जाऊ द्यायचं नाही. तिसरा हिस्सा उरला की हात वर करायचा, ओरडायचं नाही, आणि त्यात ओतायचं नाही, भरलेलं भांडं बदलायचं. कशात शेंगदाणा आणि कशात लसूण, एवढं प्रत्येकाकडून म्हणून घेतो. पाहुण्याने विचारलं आणि माहीत नसेल, तर “नाही” म्हणायचं नाही, मला विचारायचं.

एवढं करून सगळं सुरळीत होतं, असं मी म्हणत नाही. मागच्या महिन्यात यजमानांचा हट्ट, कढई दिसलीच पाहिजे. मी ती रांग संपल्यावर दहा पावलं लांब ठेवली. तरी घोळका झालाच, आणि पाण्याची वाट अडली.