आमची वाटचाल : सनमायक्याच्या फाइलपासून मूड बोर्डापर्यंत

वडिलांच्या सुतारकामाच्या कारखान्यातून आमची फर्म उभी राहिली. तेव्हा गिऱ्हाईक सनमायक्याची फाइल चाळायचं, एका तुकड्यावर बोट ठेवायचं आणि काम सुरू व्हायचं. पुढे आम्ही घराचं संपूर्ण इंटिरियर करू लागलो, तशी भिंत, फरशी, कापड, लाकूड सगळं एकत्र दाखवायची वेळ आली. मग या सगळ्याचे फोटो एकाच फलकावर लावून आम्ही मूड बोर्ड करू लागलो. आता आमच्याकडचा प्रत्येक मूड बोर्ड गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मी तपासतो, आणि सगळ्यात आधी बघतो ते फोटोंचं माप.

कोथरूडच्या एका हॉलचं उदाहरण देतो. ताडाच्या पानांचा वॉलपेपर, खडीचे दाणे घातलेली टेराझो फरशी, सागाचं व्हिनिअर म्हणजे प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पातळ थर, सोफ्याचं राखाडी कापड आणि मोहरी रंगाच्या उशा. सगळे फोटो सारख्याच आकाराचे चौकोन, दिसायला छान. पण फरशीचा फोटो अगदी जवळून काढलेला होता. त्यात खडीचा दाणा अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता, प्रत्यक्षात तो जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. उभं राहून बघितलं तर ती फरशी जवळजवळ सपाट करडीच दिसणार. उलट वॉलपेपरमधलं पान फोटोत बोटाएवढं, आणि भिंतीवर दोन फुटांचं! म्हणजे बोर्डावर फरशी ठळक आणि भिंत शांत. घरात मात्र नेमकं उलटं.

मी तो बोर्ड 1:10 मापात पुन्हा करायला लावला. सात फुटी सोफा साधारण साडेआठ इंचांचा, पान अडीच इंचांचं. शिवाय घरात ज्याची जागा जितकी, तितकाच त्याचा तुकडा. मग रंगांचा खरा हिशेब कळला. हिरवा रंग एका चौकोनातून पसरून बोर्डभर झाला आणि मोहरीची नुसती एक पट्टी उरली. वॉलपेपर आम्ही जेवणाच्या टेबलामागच्या एकाच भिंतीवर ठेवला.

राखाडी कापडाला निळसर झाक होती. नुसतं बघून ती लक्षात येत नाही. पांढऱ्या कागदावर सागाशेजारी ठेवलं की लगेच दिसते. खिडकीपाशी आणि नंतर 3000 केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या दिव्याखाली असं दोनदा बघून आम्ही मातकट झाकेचं कापड घेतलं. त्याची वीण जाड आहे. व्हिनिअर मॅट आणि फरशी गुळगुळीत असल्यामुळे तेवढा एकच खरखरीतपणा त्या खोलीला पुरेसा होता.

पोत मात्र फोटोवरून ठरवू नये, या मताचा मी आहे. बाजूने उजेड पडला की साधं कापडही खडबडीत दिसतं. म्हणून बोर्डाशेजारी खरे नमुने ठेवतो, आणि व्हिनिअरसाठी गिऱ्हाइकाला दुकानात नेऊन आठ बाय चारचा अख्खा शीट उभा करून दाखवतो. हातभर तुकड्यात रेषा कुठे वळतात ते कळत नाही.