गच्चीवरची रोजनिशी : ग्रह की तारा?

25 जानेवारी 2025, शनिवार

आज परत चिनू आणि मी गच्चीवर. मामाचं घर वाईजवळच्या गावात, त्यामुळे आकाश पुण्यापेक्षा बरंच काळं. चिनू आठवीत आहे आणि त्याचा नियम एकच, "ताई, लुकलुकतो तो तारा, नाही लुकलुकत तो ग्रह." मी म्हटलं ठीक आहे, मग वर बघ. डोक्यावर गुरू, एकदम शांत, आणि त्याच्याजवळ लालसर रोहिणी थरथरतेय. आग्नेयेला व्याध तर इतका चमचम करत होता की निळा-लाल होतोय असं वाटावं. तारा एवढा लांब असतो की आपल्याला फक्त एक टिंब दिसतं, हवा हलली की ते टिंबही हलतं. ग्रह छोटी का होईना पण चकती असते, तिच्या प्रत्येक भागाचं थरथरणं वेगवेगळं, मग एकमेकांत मिटून जातं.

मग त्याला पश्चिमेकडे वळवलं. नऊ वाजत आलेले, शुक्र झाडांच्या शेंड्यांवर टेकायला आलेला आणि चक्क लुकलुकत होता! चिनू म्हणे मग हा तारा. नाही रे, इतक्या खाली बघताना नजर खूप जास्त हवेतून जाते, तिथे ग्रहही थरथरतो. संध्याकाळी सातला हाच शुक्र वर होता तेव्हा स्थिर होता, तूच बघितलास ना. म्हणून नियम वापरायचा तो आकाशात निदान हातभर वर आलेल्यांसाठी.

पण खरी मजा मंगळाची. तो आणि रोहिणी दोन्ही लालसर, नुसत्या रंगाने काही कळत नाही. गेल्या शनिवारी, 18 ला, मी चिनूला वहीच्या मागच्या पानावर पुनर्वसूचे दोन तारे आणि त्यांच्या खालचा मंगळ काढायला लावला होता, तिघं जवळजवळ एका ओळीत. आज तेच पान टॉर्चने बघितलं आणि वर बघितलं तर ओळ मोडलेली, मंगळ पश्चिमेकडे सरकलाय, हात लांब करून धरलेल्या बोटाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच. पुनर्वसूचे दोघे जिथल्या तिथे. अॅपपेक्षा हे भारी आहे, कारण ताऱ्यांमधून सरकतो तोच ग्रह, हे तर सगळ्यात जुनं ओळखपत्र.

"पण ग्रह पूर्वेकडे सरकतात ना, हा उलटा का?" चिनू. (सर शिकवतात वाटतं नीट.) 16 तारखेला पृथ्वी सूर्य आणि मंगळाच्या मधे आली होती, आपण आतल्या ट्रॅकवर, वेग जास्त, त्याला ओव्हरटेक करताना तो मागे जातोय असं वाटतं. 24 फेब्रुवारीच्या आसपास थांबून परत वळेल. चिनूने त्याच पानावर आजचा टिंब लाल पेनने टाकला, तारीख लिहिली आणि पुढच्या शनिवारसाठी जागा सोडली, मी नसले तरी तो काढणारे म्हणे, मामीने वही गणिताची आहे हे बघितलं नाही तर.