गूळचा ऊकार आणि पुढं गेलेल्या दोन तारखा

सोमवारी संध्याकाळी पाऊचवाल्याकडून कोरं, न छापलेलं सॅम्पल पाऊच आलं. एक किलो गूळ पावडरचं, खाली गसेट असलेलं, म्हणजे भरल्यावर उभं राहणारं. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर मी त्यात खरी पावडर भरली, डिझाईनची मूळ मापाची प्रिंट कापून वर चिकटवली आणि पाऊच टेबलावर उभं केलं. समोरून वाचलं तर 'गूळ'चा 'गळ' झाला होता.

सपाट कीलाईनवर, म्हणजे पाऊचच्या कडा आणि घड्या आखलेल्या आराखड्यावर, सगळं बरोबर होतं. नाव तळाच्या घडीच्या 12 मिलिमीटर वर होतं. पण पावडरच्या वजनानं गसेट उघडतो, तळ लंबगोल होतो आणि पुढच्या बाजूचा खालचा भाग आत वळतो. अक्षराचा माथा दिसतो, शिरोरेषा दिसते, पण खाली लटकणारा ऊकार त्या वळणात जातो. रोमन लिपीत अक्षरांच्या बुडाला इतकं काही लटकत नसतं, म्हणून तयार टेम्प्लेटवर विसंबणाऱ्यांना हे दिसत नाही. निव्वळ वजनाची ओळही तिथंच होती.

नुसतं नाव वर सरकवून भागणार नव्हतं. नावाच्या वर पारदर्शक खिडकी होती, तीही वर न्यायला हवी होती. खिडकी हलली की पांढऱ्या शाईचा थर बदलतो, कारण पारदर्शक फिल्मवर रंगांच्या मागं पांढरा असतो आणि खिडकीच्या जागी तो नसतो. ग्रॅव्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरला जातो. कोरल्यावर चूक सापडली, तर त्या त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा करायचा आणि खर्च गिऱ्हाइकानं सोसायचा.

गुरुवारी चारला रिव्ह्यू कॉल ठरला होता आणि पुढच्या शुक्रवारी अंतिम फाइल्स द्यायच्या होत्या. गुरुवारचा कॉल उरकून घ्यावा आणि फक्त शेवटची तारीख पुढं न्यावी, असा मोह झाला. कॉल झाला की 30 टक्क्यांचा हप्ता मिळणार होता. पण जुना आराखडा दाखवला की काका, म्हणजे माझं गिऱ्हाईक असलेले गुळाचे व्यापारी, तो घरच्या ग्रुपवर टाकणार, मंडळी 'छान' म्हणणार, आणि मग तेच मंजूर डिझाईन होऊन बसणार. नंतरचा बदल मला दुरुस्ती म्हणून भांडून घ्यावा लागला असता. म्हणून दोन्ही तारखा हलवायचं ठरवलं.

मंगळवार नवीन मांडणीत आणि सिलिंडरवाल्याला विचारण्यात गेला. त्यानं आमच्यासाठी शनिवार राखला होता, बुधवार चालेल का, याचं उत्तर संध्याकाळी आलं. हे लोक साध्या 'हो'साठी दिवसभर ताटकळत ठेवतात.

बुधवारी सकाळी काकांना फोन केला. असल्या गोष्टी आधी मेलवर कळवू नयेत असं मी मानते. समोरचा माणूस गुळाच्या सौद्यात उभा असतो, मेल बघतो रात्री. कारण सांगितलं. "काका, रिव्ह्यू गुरुवारऐवजी सोमवारी अकराला, तुमच्याच गाळ्यावर, भरलेलं पाऊच घेऊन येते. अंतिम फाइल्स शुक्रवारऐवजी त्याच्या पुढच्या मंगळवारी. सिलिंडरवाला बुधवारी काम धरतोय. दुरुस्त्यांची दुसरी फेरी सोमवारीच समोरासमोर करू, म्हणून चारच दिवस जातायत." फोन ठेवल्यावर हेच चार ओळींत लिहून पाठवणार होते.

मला वाटलं, दिवाळीच्या मालाचं विचारतील. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या ताई. तुम्हाला कळलं कधी?"

"सोमवारी संध्याकाळी."

"मी काल दुपारी पुण्याच्या दुकानदाराला माल कधी पोचतोय ते सांगून बसलो की ओ."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पक्की तारीख हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा माझा नियम. अर्धवट माहितीनं माणूस घाबरतो आणि एक तारीख दोनदा बदलली की विश्वास जातो, हे मी अनुभवानं शिकले आहे. पण सोमवारी रात्री एवढं तर म्हणता आलं असतं, 'तळाशी अडचण निघाली आहे, नवीन तारखा बुधवारी सकाळी सांगते, तोवर कुणाला शब्द देऊ नका.' त्यात तारीख नव्हती, तरी त्यांना हवं ते सगळं होतं. त्यांच्या पुढं कोण उभं आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी भरलेलं पाऊच घेऊन शाहूपुरीत गेले. नाव आता घडीपासून 34 मिलिमीटर वर होतं. काकांनी पाऊच गादीवर उभं केलं, दोन पावलं मागं जाऊन मोठ्यानं वाचलं, "गूळ पावडर." दोनच दुरुस्त्या सांगितल्या आणि हप्ता तिथंच पाठवला. मग मी समोर बसलेली असतानाच त्यांनी पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता आणि काका मधूनमधून "चुकलं माझंच" एवढंच म्हणत होते.