तुम्ही विचारलंत म्हणून: मोदकाची किंमत

"मॅडम, मागणीचं समीकरण दिलंय, खर्चही दिलाय. जास्तीत जास्त नफा देणारी किंमत नेमकी काढायची कशी? आणि सीमांत प्राप्ती किमतीपेक्षा कमी का येते?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो कळला की पहिला आपोआप सुटतो. ठाण्यात नौपाड्यात एक काकू उकडीचे मोदक करून विकतात. त्यांचाच हिशेब घेऊ. आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

मोदक 45 रुपयांना ठेवला तेव्हा दिवसाला साधारण 60 जायचे. 35 ला ठेवला तेव्हा 100. म्हणजे किंमत दहा रुपयांनी उतरली की मागणी चाळीसने वाढते, एका रुपयाला चार मोदक. किंमत P आणि मोदकांची संख्या Q धरली तर त्यावरून समीकरण मिळतं:

```
Q = 240 - 4P
```

संकष्टीचे आणि गणपतीचे दिवस यात धरलेले नाहीत. त्या दिवशी मागणीची रेषाच वेगळी असते. दोन्ही दिवसांचे आकडे एकत्र कालवले तर जे समीकरण येतं ते कुठल्याच दिवसाचं नसतं. आणि 35 ते 45 च्या फार पलीकडे या रेषेवर मी विसंबणार नाही, कारण तिथे काकूंनी कधी विकूनच पाहिलेलं नाही.

आता खर्च. ओला नारळ, गूळ, तांदळाची पिठी, तूप, गॅस आणि डबा मिळून एका मोदकाला 20 रुपये. आणखी एक मोदक केला की आणखी 20. हाच सीमांत खर्च.

समजा आज भाव 40 आहे. मोदक जातात 80, गल्ल्यात येतात 3200. उद्या भाव 39 केला तर मोदक जातील 84 आणि गल्ल्यात येतील 3276. चार मोदक जास्त गेले, पण पैसे वाढले फक्त 76. म्हणजे प्रत्येक जादा मोदकामागे 19 रुपये, 39 नव्हेत. हीच सीमांत प्राप्ती. बाकीचे गेले कुठे? जे 80 मोदक 40 ला सहज गेले असते, त्या प्रत्येकावर एक रुपया सोडावा लागला. नवीन गिऱ्हाईक आणायला भाव उतरवला की जुन्या गिऱ्हाइकालाही तोच भाव द्यावा लागतो. सीमांत प्राप्ती किमतीच्या खाली असते ती एवढ्यासाठीच.

या 19 रुपयांच्या मोदकाला खर्च 20 आहे, म्हणून 40 वरून 39 ला उतरणं तोट्याचं. आता उलट बाजूने बघा. भाव 41 असताना मोदक जातात 76, गल्ला 3116. तिथून 40 ला आलो तर चार मोदकांचे 84 रुपये वाढतात, म्हणजे मोदकामागे 21. खर्च 20, तेव्हा उतरणं फायद्याचं. वरून येताना 40 पर्यंत यावंसं वाटतं आणि 40 च्या खाली जावंसं वाटत नाही. जास्तीत जास्त नफ्याची किंमत म्हणजे हीच जागा.

समीकरणाने हेच झटपट होतं. आधी किंमत डाव्या बाजूला आणायची, मग एकूण गल्ला TR, त्यावरून सीमांत प्राप्ती MR, आणि ती सीमांत खर्चाबरोबर, म्हणजे MC बरोबर, मांडायची:

```
P  = 60 - Q/4
TR = 60Q - Q²/4
MR = 60 - Q/2
60 - Q/2 = 20   →  Q = 80
P  = 60 - 80/4  =  40
```

शेवटची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते. मुलं Q = 80 काढतात, तो MR च्या समीकरणात टाकतात आणि "किंमत 20" लिहून मोकळी होतात. पण 20 हा तर खर्च झाला. त्या भावाला विकलं तर मोदकामागे एक पैसाही सुटणार नाही. MR आणि MC ची बरोबरी फक्त किती मोदक करायचे ते सांगते. तेवढे मोदक लोक कितीला घेतील, हे मागणीच्या समीकरणालाच विचारावं लागतं.

दुसरी घसरगुंडी याहून फसवी आहे. सरळ रेषेच्या मागणीत सीमांत प्राप्तीचा उतार दुप्पट होतो, हे पाठ असतं. मग Q = 240 - 4P यातच चारचे आठ करून 240 - 8P = 20 लिहिलं जातं आणि उत्तर येतं साडेसत्तावीस. दुप्पट करायचं ते किंमत एकटी डावीकडे असलेल्या रूपात, या रूपात नाही. चूक झाली हे ओळखायची खूण सांगते. कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने 1838 मध्ये हा प्रश्न मांडताना खनिज पाण्याच्या झऱ्याचा मालक घेतला होता, ज्याला पाणी विकायला काहीच खर्च येत नाही. अशा मालकाने फक्त गल्ला जास्तीत जास्त करायचा, म्हणजे सीमांत प्राप्ती शून्य होईल तिथे थांबायचं. आपल्या समीकरणात ती जागा Q = 120, किंमत 30. खर्च शून्य असतानाही 30 च्या खाली जाणं परवडत नाही, तर 20 रुपये खर्च असताना साडेसत्तावीस बरोबर कसं असेल? म्हणून मी आधी गल्ला जास्तीत जास्त होईल ती किंमत काढून ठेवायला सांगते. खर्च असेल तर उत्तर तिच्या वरच यायला हवं.

काकूंनी मला विचारलं होतं, "भाड्याचं काय?" गाळ्याचे दिवसाला 500 रुपये जातात, ते भावात घालायचे नाहीत का? नाही. 40 ला मोदकांवर सुटतात 1600, भाडं जाऊन 1100. 45 ला सुटतात 1500, भाडं जाऊन 1000. भाडं 500 ऐवजी 900 झालं तरी दोन्हीकडून सारखंच वजा होणार आणि 40 च पुढे राहणार. भाडं 1600 च्या वर गेलं तर गाळा ठेवायचा का हा प्रश्न येईल, पण तोवर भावाला हात लावायचं कारण नाही. भाडं वाढलं म्हणून भाव वाढवणारे दुकानदार मला रोज दिसतात. आधीचा भाव बरोबर असेल तर त्यात त्यांचंच नुकसान होतं. एखाद्या रुपयाने इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही, इथे दिवसाला चारच रुपये जातात. पण नुकसान अंतराच्या वर्गाने वाढतं: पाच रुपये चुकले की 100, दहा चुकले की 400.

आणि एक अडचण पुस्तकातल्या गणितात सहसा नसते. समजा काकू एकट्या दिवसाला 60 च मोदक वळू शकतात. मग 80 चं उत्तर काय कामाचं? तेव्हा भाव 60 मोदकांचा ठेवायचा, म्हणजे 45. चाळीसला ठेवला तर वीस जण रिकाम्या हाताने परत जातील आणि साठ मोदकांवरचे पाच-पाच रुपये विनाकारण हातचे जातील. पण 60 वर सीमांत प्राप्ती 30 आहे आणि खर्च 20. मधले दहा रुपये म्हणजे आणखी एक मोदक वळणाऱ्या हातांना देता येईल अशी कमाल मजुरी. मदतीला येणाऱ्या ताई मोदकामागे 6 रुपये घेत असतील, तर साठच्या पुढे खर्च 26, त्याला बरोबरी 68 मोदकांवर आणि भाव 43. भाडं सोडून रोजचे 1500 चे 1516 होतात. ताई दहा किंवा जास्त मागत असतील, तर साठ मोदक आणि 45 रुपये हेच बरं.